शीर्षक झाकून शिकवलेली कविता

बी.एड.च्या पाठ टाचणात कवितेच्या तासाची एक ठरलेली वाट असते: प्रस्तावना, हेतुकथन, आदर्श वाचन, शब्दार्थ, स्पष्टीकरण, स्वाध्याय. वाचनपूर्व, वाचनावेळी आणि वाचनोत्तर हे तीन टप्पे त्याच वाटेची नवी नावं आहेत, असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. फरक आहे तो काम कोण करतं यात. जुन्या टाचणात बहुतेक क्रिया शिक्षकाच्या असतात. तीन टप्प्यांच्या आखणीत प्रत्येक टप्प्यावर मुलांनी काय करायचं, ते आधी लिहावं लागतं.

उदाहरणाला कुसुमाग्रजांची ‘कणा’ घेऊ. कविता छोटी, बहुतेकांच्या ओळखीची. पुरात घर गेलेला एक माजी विद्यार्थी पावसात भिजून आपल्या सरांकडे येतो, झालेलं सांगतो आणि जाताना पैशांऐवजी वेगळंच काही मागतो. वर्ग आठवीचा आणि तास चाळीस मिनिटांचा धरू.

पहिली अडचण शीर्षकाची. ज्या शब्दापाशी कविता शेवटी पोचते, तोच शब्द पुस्तकात सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. म्हणून सुरुवातीला पुस्तकं बंद. वाचनपूर्व टप्प्याला सात-आठ मिनिटं पुरतात. त्यात मुलांना पहिला प्रश्न असा विचारावा: पूर ओसरल्यावर माणूस घरी परततो, तेव्हा पहिल्या दिवशी काय काय करावं लागतं? गाळ काढणं, भिजलेलं धान्य टाकणं, कागदपत्रं वाळवणं, भिंत बघणं अशी यादी फळ्यावर येते. सांगली-कोल्हापूरकडच्या वर्गांत 2019चा आणि चिपळूण-महाडला 2021चा पूर अजून घराघरांत आहे. तिथे ‘तुमच्या घरी काय झालं?’ असं विचारू नये. ‘गावात लोकांनी काय केलं?’ एवढं विचारलं तर ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नको तो सुटतो.

त्यानंतर दोनच गोष्टी सांगायच्या. कवितेतली गंगा कोणती, हे नागपूर-लातूरच्या मुलाला कळत नाही. तो थेट काशीला पोचतो. कुसुमाग्रज नाशिकचे आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे एका वाक्यात सांगून टाकावं. दुसरी गोष्ट म्हणजे माहेरवाशीण. तिचा घरातला मोकळेपणा ठाऊक नसेल तर पुराच्या वर्णनातला सूरच निसटतो. ‘कारभारीण’ मात्र सांगू नये, तो शब्द मुलं संदर्भावरून ओळखतात आणि ओळखू द्यावा. मग शेवटचं काम: ‘एक जुना विद्यार्थी भर पावसात सरांच्या घरी आलाय. कशासाठी?’ प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची. बहुतेक मुलं मदत किंवा पैसे असं लिहितात, आणि ते तसं लिहिलं जाणं आपल्याला हवंच असतं.

या टप्प्यावर हात आखडता घेणं सगळ्यात कठीण. कवीचं चरित्र, ज्ञानपीठ, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, जिद्दीचं महत्त्व हे सगळं आपण प्रस्तावनेतच सांगून टाकतो. आपली प्रस्तावना जास्त झाली का, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. तासाच्या शेवटी विचारायच्या प्रश्नाचं उत्तर मूल कविता न वाचता देऊ शकत असेल, तर आपण कविता आधीच खर्च केली.

वाचनावेळच्या टप्प्याला निम्मा तास हवा. पहिलं वाचन शिक्षकाचं, मध्ये एकही शब्दार्थ न सांगता. पण ते खिशाकडे हात जातो त्या ओळीवर थांबवायचं. ‘हात कुणाचा?’ कवी ते सांगत नाही. मुलं वाद घालतात, बहुतेक जण सरांचा म्हणतात आणि मग वहीतला आपला अंदाज खरा ठरल्यासारखा त्यांना वाटू लागतो. आता उरलेल्या ओळी वाचायच्या. अंदाज मोडतो, आणि शेवटच्या मागणीचं वजन शिक्षकाने एक वाक्यही न बोलता वर्गाला कळतं.

दुसरं वाचन मुलांचं, मनातल्या मनात, हातात पेन्सिल घेऊन. आलेला विद्यार्थी बोलतो त्या ओळींखाली सरळ रेघ, बाहेरून कुणी वर्णन करतं त्या ओळींखाली नागमोडी. कागदावर नागमोडी रेघा थोड्याच दिसतात, आणि सरांच्या तोंडी तर एकही वाक्य नाही, हे मुलांना स्वतःच सापडतं. तिसऱ्या वाचनाला प्रश्न बदलायचा. घर गेलेला हा माणूस पुराबद्दल बोलताना गंमतीने बोलतोय, त्या जागा शोधा. आणि ही गंमत कुठे थांबते? इथे व्याकरणाचा तास आपोआप होतो. पुराने जे केलं ते सगळं भूतकाळात येतं. बायकोला सोबत घेऊन तो जे करतोय, तिथे क्रियापदं चालू वर्तमानकाळात येतात. लढण्याचं, भिंत बांधण्याचं काम अजून संपलेलं नाही, हे कवीने काळ बदलून सांगितलंय. चांगल्या वर्गात आणखी एक विचारावं: तो आल्यावर हसतो आणि उठतानाही हसतो, ती दोन्ही हसणी सारखीच आहेत का?

हा टप्पा बिघडतो तो ओळीगणिक अर्थ सांगण्याने. बिघडल्याची खूणही स्पष्ट असते: मुलांच्या नजरा पुस्तकावर नसून शिक्षकाच्या तोंडाकडे असतात आणि उत्तरं गाइडच्या भाषेत येतात.

वाचनोत्तर टप्प्यात झाकलेलं शीर्षक कामी येतं. प्रत्येकाने शीर्षक सुचवायचं आणि ते ज्या ओळीवरून सुचलं तिच्यावर बोट ठेवायचं. ‘पूर’, ‘सर’, ‘लढाई’ अशी नावं फळ्यावर आली की पुस्तक उघडायचं. ‘पूर’ हे नाव का कमी पडतं, यावरची चर्चा म्हणजेच रसग्रहणाची सुरुवात. लेखी काम एवढंच: तो गेल्यावर त्या रात्री सरांनी रोजनिशीत काय लिहिलं असेल? पाच-सहा ओळींत. ‘पूर : एक नैसर्गिक आपत्ती’ हा निबंध मात्र इथे देऊ नये, कारण तो कविता न वाचलेल्या मुलालाही लिहिता येतो.

या आखणीला मर्यादा आहेत. कविता गाजलेली असल्यामुळे काही मुलांना शेवट पाठ असतो. तेव्हा अंदाजाचा भाग सोडून थेट रेघांपासून सुरुवात करावी. आणि जिथे गोष्टच नाही, तिथे हा साचा लादू नये. तुकोबांचा अभंग किंवा बहिणाबाईंची ओवी आधी कानावर पडली पाहिजे. तिथे ‘पुढे काय होईल?’ विचारणं निरर्थक आहे. चालीत म्हणून दाखवणं, मुलांना सोबत म्हणायला लावणं हाच तिथला वाचनपूर्व टप्पा.

आणि तास मध्येच पस्तीस मिनिटांवर आला, जे शाळेत होतंच, तर प्रस्तावना कापा, रोजनिशी घरी लिहायला द्या. पेन्सिल घेऊन केलेलं दुसरं वाचन मात्र कापू नका.