आगळाच्या पानाचं वर्ष

सिंधुदुर्गातल्या एका घरगुती उद्योगाचं इन्स्टाग्राम पान गेल्या पाडव्यापासून माझ्याकडे आहे. नवरा-बायको आगळ, आमसुलं आणि अमृत कोकम करतात. तोवर पानावर बाटलीचा फोटो, दर आणि ‘ऑर्डरसाठी मेसेज करा’ एवढंच असायचं. घरात बाटली शिल्लक असलेल्या गिऱ्हाइकाने ते रोज का पाहावं?

म्हणून पोस्टचे पिलर ठरवायचं ठरलं, पण त्याआधी आम्ही व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज वाचले. दराखालोखाल विचारणा वापराचीच होती. आगळ आणि अमृत कोकम यांत फरक काय? सोलकढी फुटते का? म्हणून पहिला पिलर झाला वापर शिकवण्याचा, दुसरा घर-अंगणातल्या गमतीजमतींचा, तिसरा विक्रीचा. दर दहा पोस्टमागे पाच, तीन, दोन असं प्रमाण धरलं. हा काही नियम नव्हे. बाटली महिनोन्महिने पुरते, म्हणून मधल्या काळात उपयोगी पडत राहायचं, एवढाच त्यामागचा हिशेब.

शिकवण्याच्या पोस्टमध्ये नेमकेपणाच कामाला आला. ‘कोकमाचे फायदे’ लोक वाचून पुढे गेले. ‘आगळात मीठ असतंच, सोलकढीत वेगळं मीठ चव घेऊनच घाला, आणि नारळाचं दूध घातल्यावर उकळू नका’ ही पोस्ट मात्र लोकांनी सेव्ह करून ठेवली. पित्त बरं होतं वगैरे दावे आम्ही कटाक्षाने टाळले. खाण्याची वस्तू औषध म्हणून विकणं मला पटत नाही, आणि कायद्यालाही ते चालत नाही.

रंजनाचा पिलर सांभाळणं सर्वांत अवघड गेलं. रातांबे फोडताना रंगलेल्या मालवणी गजालींचा व्हिडिओ मुंबईकर चाकरमान्यांनी एकमेकांना धाडला, आणि पाठोपाठ चौकशाही आल्या. पावसाळ्यात घरातल्या कॉलेजकुमाराने चालू गाण्यावर धबधब्याचं रील टाकलं. ते कितीतरी जास्त लोकांनी पाहिलं, पण त्यातून कोकमाची चौकशी एकही आली नाही. तेव्हापासून कुंपण घातलं : पोस्टमध्ये आपलं अंगण, आपली माणसं किंवा आपला पदार्थ दिसलाच पाहिजे.

प्रत्येक पिलरचं मोजमापही वेगळं ठेवलं. शिकवणारी पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, गमतीची कितींनी पुढे पाठवली, विक्रीची पाहून किती मेसेज आले, एवढंच पाहायचं. विक्रीच्या पोस्टला लाइक कमी पडले म्हणून ती बंद करायची नाही. शिवाय एवढ्याशा पानावर एका पोस्टवरून काही कळत नाही, म्हणून तीन-तीन महिन्यांचं एकत्र पाहिलं.

प्रमाण हंगामानुसार हललं. एप्रिल-मेमध्ये रातांबे उतरतात. नवा माल तयार झाला की विक्रीच्या पोस्ट दहात चार केल्या, आणि त्या वाढवताना गमतीच्या कमी केल्या, शिकवण्याच्या नाही. कारण नवं गिऱ्हाईक त्याच दिवसांत येतं आणि तेच प्रश्न नव्याने विचारतं. श्रावणात विक्रीच्या पोस्ट दहात एकावर आल्या. येत्या हंगामासाठी ‘बाटली उघडल्यावर कुठे ठेवायची’ आणि ‘आमसुलं काळी का पडतात’ या दोन पोस्ट आत्ताच तयार करून ठेवल्या आहेत.