खोलीच्या भाड्यात जेवण किती?

मनालीतल्या एकाच हॉटेलची एकच खोली बुकिंगच्या पानावर चार वेगवेगळ्या भावांत दिसते. खाट तीच, खिडकी तीच, खिडकीतून दिसणारा डोंगरही तोच. पहिल्यांदाच स्वतः बुकिंग करणारा माणूस इथे गोंधळतो आणि बहुधा सगळ्यात स्वस्त भावावर बोट ठेवतो, नाहीतर ‘सगळं त्यातच आहे ना’ म्हणून सगळ्यात महाग भाव निवडतो. त्या चार भावांत खोलीचा काहीच फरक नसतो. फरक असतो तो जेवणाचा.

परदेशी हॉटेलांत या चार प्रकारांना रूम ओन्ली, बेड अँड ब्रेकफास्ट, हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड म्हणतात. रूम ओन्ली म्हणजे नुसती खोली. बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. हाफ बोर्डमध्ये नाश्त्याबरोबर एक जेवण येतं, आणि ते बहुतेक वेळा रात्रीचंच असतं. फुल बोर्डमध्ये नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, असं तिन्ही. आपल्याकडचे ट्रॅव्हल एजंट मात्र वेगळीच अक्षरं वापरतात. त्यांच्या व्हाउचरवर याच क्रमानं EP, CP, MAP आणि AP असं छापलेलं असतं: युरोपियन प्लॅन, कॉन्टिनेन्टल प्लॅन, मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन आणि अमेरिकन प्लॅन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली हॉटेलं खोली आणि सगळी जेवणं मिळून एकच भाव लावत, तर युरोपातल्या पद्धतीत खोलीचे पैसे वेगळे असत. ही नावं तेव्हापासून चालत आली आहेत. युरोपियन प्लॅन घेतला म्हणून कुणी युरोपियन जेवण वाढत नाही. सर्वांत जास्त घोळ होतो तो एमएपी आणि एपी यांत, कारण फोनवर बोलताना पहिलं अक्षर सहज निसटतं आणि रोजचं एक जेवण हिशोबातून जातं.

नावं कळली तरी जेवणं मोजायची कशी, हा खरा प्रश्न असतो. पॅकेजवर ‘तीन रात्री, चार दिवस’ असं लिहिलेलं असतं आणि लोक चार दिवसांचे चार नाश्ते धरतात. हॉटेल मात्र रात्री मोजतं. तीन रात्रींचे नाश्ते तीनच, आणि पहिला नाश्ता पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. हाफ बोर्ड पोहोचल्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणानं सुरू होतं आणि निघायच्या दिवशीच्या नाश्त्यानं संपतं. फुल बोर्डात दुपारचं पहिलं जेवण कधी मिळणार, हे खोलीचा ताबा किती वाजता मिळतो आणि त्या हॉटेलचा नियम काय, यावर ठरतं. ते आधीच विचारून घ्यावं.

पुण्याहून मनालीला निघालेल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आजी. मुक्काम तीन रात्रींचा. हिशोबाच्या सोयीसाठी धरू की दोघांच्या खोलीला एका रात्रीचे ईपीमध्ये ३,००० रुपये, सीपीमध्ये ३,६००, एमएपीमध्ये ५,००० आणि एपीमध्ये ६,४०० रुपये पडतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण वजाबाकीची रीत कोणत्याही हॉटेलला लागू पडते. सीपीतून ईपी वजा केला की ६०० उरतात, म्हणजे माणशी नाश्ता ३०० रुपयांना पडला. एमएपीतून सीपी वजा केला की १,४०० उरतात, म्हणजे माणशी रात्रीचं जेवण ७००. एपी आणि एमएपीतला फरकही १,४००च आहे, म्हणजे दुपारचं जेवणही माणशी ७००. एकदा हे भाव असे सुटे केले की कोणत्या जेवणाला किती पैसे मोजतोय हे स्वच्छ दिसतं. त्याच वेळी त्या गावात बाहेर जेवायला किती लागतात, हे हॉटेलच्या आसपासच्या खाणावळींची मेनूकार्डं नकाशाच्या अॅपवर पाहून कळतं.

आता त्यांचा कार्यक्रम पाहू. दिल्लीहून रात्रीची व्हॉल्वो पकडून ते सकाळी नऊच्या सुमारास मनालीत उतरतात. खोली एक वाजता मिळणार. म्हणजे त्या सकाळचा नाश्ता कोणत्याच प्लॅनमध्ये नाही. तो बसस्टँडजवळ स्वतःच्या पैशानं. एखादं हॉटेल मेहेरबानी म्हणून खोली लवकर देतं, पण नाश्त्याचे पैसे वेगळे लावतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दुपारी विश्रांती, संध्याकाळी हिडिंबा मंदिर आणि मॉल रोड. दुसऱ्या दिवशी सोलंग, तिथून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधलं सिस्सू. तिसऱ्या दिवशी नग्गर आणि कुल्लू. चौथ्या दिवशी नाश्ता करून परत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हे लोक हॉटेलपासून कित्येक किलोमीटर दूर असणार. ते सिस्सूहून जेवायला मनालीला येणार नाहीत, आणि जेवण चुकलं म्हणून हॉटेल पैसेही परत देणार नाही. चुकलेलं जेवण पुढच्या दिवसात ढकलताही येत नाही. एपी घेतला तर फक्त नवरा-बायकोच्याच वाया गेलेल्या दुपारच्या जेवणांचे २,८०० रुपये होतात. दिवसभर गाडीनं फिरायच्या ठिकाणी फुल बोर्ड घेऊच नये, ते याचसाठी.

रात्रीच्या जेवणाचा विचार मात्र वेगळा. थंड हवेच्या गावांत हॉटेलं एमएपीचा आग्रह धरतात, त्याला कारण आहे. बरीच हॉटेलं गावापासून वर, उतारावर असतात. अंधार पडल्यावर थंडीत, आजीला आणि दमलेल्या मुलाला घेऊन टॅक्सीनं खाली जायचं, जेवायचं आणि पुन्हा वर यायचं, यात पैसेही जातात आणि जीवही मेटाकुटीला येतो. अशा ठिकाणी ७०० रुपयांचं जेवण महाग वाटलं तरी परवडतं. हॉटेल मॉल रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर सीपी पुरे. मधला मार्गही आहे: बुकिंग सीपीचं करायचं आणि ज्या संध्याकाळी बाहेर पडवणार नाही, त्या दिवशी दुपारपर्यंत हॉटेलला सांगून जेवण घ्यायचं. फक्त असं सुटं जेवण किती रुपयांना मिळतं, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवायचं. हॉटेल गावात असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला बहुतेक वेळा हाच पर्याय सोयीचा पडतो.

श्रीनगरला दल सरोवरातल्या हाउसबोटीवर उतरलात तर तिथे हाफ बोर्डच साजतं. एकदा बोटीवर आलं की जेवायला पुन्हा शिकारा करून काठावर जावं लागतं. केरळातल्या अलेप्पीच्या हाउसबोटीवर तर फुल बोर्डच असतं. दुपारी बाराला बोटीवर चढायचं, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून नऊच्या सुमारास उतरायचं. स्वयंपाकी बोटीवरच असतो. माथेरानलाही फुल बोर्डाला अर्थ आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा रिक्षानं जायचं. पॉइंट पाहून दुपारी हॉटेलवर परतणं सोपं, आणि अनेक हॉटेलं तिथे याच पद्धतीनं भाव लावतात. उलट मालवण किंवा गोव्यात जाऊन हॉटेलच्या बुफेत अडकून पडणं हा नुकसानीचा सौदा आहे. बंदरालगतच्या खाणावळीत सुरमईची थाळी समोर येत असताना रात्रीच्या जेवणाचे पैसे आगाऊ भरून ठेवायचे कशाला? तिथे नाश्त्यापुरतं बुकिंग करावं.

प्लॅन बरोबर निवडला तरी ताटात काय येणार, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. गर्दीच्या दिवसांत बुफे लागतो. ज्या दिवशी हॉटेलात पाच-सहाच खोल्या भरलेल्या असतात, त्या दिवशी बुफेऐवजी ठरावीक मेनू येतो: एक डाळ, एक भाजी, भात, पोळ्या आणि एक गोड पदार्थ. मांसाहारी पदार्थ रोज असेलच असं नाही. बाटलीबंद पाणी, सरबत, खोलीत मागवलेला चहा यांचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं होतं. युरोपात हाफ बोर्डच्या जेवणाबरोबर घेतलेल्या पाण्याचेही पैसे अनेक हॉटेलांत लागतात.

वेळाही बांधलेल्या असतात. आजींना मधुमेह आहे आणि त्यांना साडेसातला जेवावं लागतं, पण हॉटेलचा बुफे साडेआठला उघडतो. अशा वेळी त्यांच्यापुरती डाळ-पोळी लवकर मिळेल का, हे आधी विचारलं तर बहुतेक हॉटेलं सोय करतात. ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकघरात काहीच तयार नसतं. पहाटे निघायचं असेल तर नाश्ता बांधून मागता येतो, पण ते आदल्या रात्री सांगायला हवं. मुक्कामात संकष्टी किंवा एकादशी येत असेल आणि घरात दोघं उपास धरत असतील, तर त्या दिवसाची जेवणं आधी मोजून टाकू नयेत.

मुलाचा प्रश्न बऱ्याचदा रिसेप्शनवर पोहोचल्यावरच उभा राहतो. व्हाउचरवरचा भाव दोन मोठ्या माणसांचा असतो. आजींसाठी जादा गादी घेतली की त्या भावात सहसा प्लॅनप्रमाणे त्यांचं जेवणही धरलेलं असतं. आठ वर्षांचा मुलगा आईबाबांच्याच पलंगावर झोपणार म्हणून त्याचे पैसे भरले नसतील, तर त्याचा नाश्ता आणि जेवण मोफत असेलच असं नाही. अनेक हॉटेलं पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत धरतात आणि त्यापुढे बारा वर्षांपर्यंत वेगळा दर लावतात. वयाची ही मर्यादा प्रत्येक हॉटेलची वेगळी असते.

डिसेंबरच्या शेवटी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक हॉटेलं गाला डिनर ठेवतात आणि त्याची माणशी रक्कम सक्तीची असते. तुमच्या प्लॅनमध्ये त्या रात्रीचं जेवण आधीच धरलेलं असलं तरी वरचे पैसे भरावे लागतात. ही रक्कम बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरांत असते.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला एक छोटा ई-मेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेज करा: पहिलं जेवण कोणतं आणि शेवटचं कोणतं, बुफे की ठरावीक मेनू, मुलाचं जेवण धरलं आहे का, आणि कर धरून एकूण किती. उत्तर लेखी मागा आणि त्याची प्रत व्हाउचरबरोबर ठेवा. एजंटनं तोंडी दिलेला शब्द रिसेप्शनवरच्या माणसाला माहीत नसतो. त्याच्यासमोर असतात ती व्हाउचरवरची अक्षरं.