गुंतवणुकीचे विविधीकरण

गुंतवणुकीचे विविधीकरण म्हणजे बचत एकाच ठिकाणी न ठेवता, ज्यांच्या नफा-तोट्याची कारणे भिन्न आहेत अशा मालमत्तांमध्ये विभागणे होय. यामुळे जोखीम घटते, परंतु नाहीशी होत नाही. या विचाराला अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली गणिती रूप दिले.

एकाच बँकेतील ठेवी

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. ठेवीदारांना दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. पुढे ४ ऑक्टोबर २०२३ रोजी बँकेचा परवाना रद्द करण्यात आला.

बँक बुडाल्यास ठेव विम्यातून प्रत्येक ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून कमाल ५ लाख रुपये मिळतात. त्यासाठी त्याच बँकेच्या सर्व शाखांतील त्याच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. अशा बँकेत एखाद्याचे १२ लाख रुपये असतील, तर ७ लाखांची परतफेड बँकेच्या कर्जवसुलीवर अवलंबून राहते. तेच १२ लाख तीन बँकांत प्रत्येकी ४ लाख असे ठेवल्यास सर्व रक्कम विम्याच्या मर्यादेत येते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हे विमासंरक्षण नाही.

भिन्न मालमत्ता

तीन बँकांत ठेवी विभागल्या, तरी व्याजदर उतरले किंवा महागाई वाढली की तिन्ही ठेवींना सारखीच झळ बसते. म्हणून मालमत्तेचा प्रकारही बदलावा लागतो. २००८ साली सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला, तर भारतात सोन्याचा भाव वाढला. १२ लाखांपैकी ४ लाख शेअरमध्ये, ४ लाख सोन्यात व ४ लाख ठेवीत असताना शेअरचे मूल्य निम्मे झाले, तर २ लाखांचा, म्हणजे एकूण रकमेच्या सुमारे १७ टक्के तोटा होतो. सर्व रक्कम शेअरमध्ये असती, तर तो ६ लाखांचा झाला असता. याउलट तेजीच्या वर्षी विभागलेल्या रकमेला कमी लाभ होतो. जोखीम कमी करण्याची ही किंमत होय.

मर्यादा

ठिकाणांची संख्या वाढल्याने विविधीकरण होतेच असे नाही. गावातील ऊसशेती, साखर कारखान्याचा भाग आणि ऊसउत्पादकांना कर्ज देणाऱ्या पतसंस्थेतील ठेव या तीन वेगळ्या गुंतवणुका दिसतात. दुष्काळात मात्र ऊस घटतो, कारखान्याचे गाळप कमी होते आणि कर्जे थकतात. तिन्हींचे मूळ एकाच पावसात असते. तसेच मोठ्या आर्थिक संकटात एरवी स्वतंत्र वाटणाऱ्या मालमत्ताही एकदम घसरू शकतात. मार्च २०२० मध्ये रोख रकमेसाठी सर्वत्र विक्री सुरू झाली, तेव्हा शेअरबरोबर काही दिवस सोनेही उतरले. एका कंपनीची किंवा बँकेची जोखीम विभागणीने टळू शकते. संपूर्ण अर्थव्यवस्थेची जोखीम शिल्लक राहतेच.