कोयनेचं पाणी, सात स्लाइडमध्ये

कोयना जलविद्युत प्रकल्पाची संपूर्ण आकृती मी पहिल्यांदा एकाच स्लाइडवर दाखवली, तेव्हा सभागृहातले लोक माझ्याकडे बघेनासे झाले. मी धरणाबद्दल बोलत होतो आणि त्यांचे डोळे पोफळीच्या वीजगृहापासून वाशिष्ठीपर्यंत भटकत होते. चौकोन, बाण, आकडे, सगळं बरोबर होतं. फक्त ते सगळं एकदम समोर आलं होतं.

आकृती टप्प्याटप्प्याने उघडायची हे मग ठरलं, पण कोणत्या क्रमाने? प्रकल्पाला टप्पे आहेतच: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. त्याच क्रमाने दाखवलं की झालं, असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. हे क्रमांक बांधकामाचे आहेत, पाण्याचे नाहीत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचं पाणी शिवसागर जलाशयातून येतं. तिन्हींचं वापरून झालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जमतं आणि त्यावर तिसरा टप्पा चालतो. म्हणजे पाण्याच्या वाटेवर तिसरा हा चौथ्याच्या खाली येतो. क्रमांकाने उघडलं, तर तिसऱ्याकडे येणारं बरंच पाणी कुठून आलं हे प्रेक्षकाला नंतर कळतं आणि त्याला मनात आकृती पुन्हा जुळवावी लागते.

म्हणून मी पाण्याच्या मागे गेलो. पहिल्या स्लाइडवर सह्याद्रीचा नुसता छेद: डावीकडे कोकण, उजवीकडे घाटमाथा. दुसरीवर धरण, जलाशय आणि कृष्णेकडे, पूर्वेला जाणारा नदीचा मूळ बाण. पायथ्याचं ४० मेगावॉटचं छोटं वीजगृह याच बाणावर. तिसरीवर पश्चिमेकडे डोंगरातून जाणारा बोगदा. प्रकल्पाची खरी गंमत हीच आहे, त्यामुळे इथे मी सर्वात जास्त वेळ थांबतो. चौथीवर पोफळीचं भूमिगत वीजगृह, पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॉट. पाचवीवर त्याच जलाशयातून निघणारा दुसरा बोगदा आणि १००० मेगावॉटचा चौथा टप्पा. याच्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला भोक पाडून पाणी घेतलं, हे तेव्हाच सांगायचं. सहावीवर दोन्ही बाण कोळकेवाडीत येऊन मिळतात. सातवीवर ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा, तिथून वाशिष्ठी, पुढे समुद्र. इथे कोणीतरी हमखास विचारतं, ‘हा तिसरा शेवटी कसा?’ तो प्रश्न आला, की आकृती समजली असं मी धरतो.

बनवताना मात्र उलटं चालायचं. आधी सातवी, म्हणजे पूर्ण आकृती काढायची आणि पक्की करायची. मग `Ctrl+D` ने तिची प्रत काढायची, ती मूळ स्लाइडच्या आधी सरकवायची, तिच्यातून शेवटचा भाग पुसायचा, त्या प्रतीची प्रत काढायची, पुन्हा आधी सरकवायची, पुन्हा पुसायचं. पहिल्यापासून भर घालत गेलात, तर पाचव्या स्लाइडला जागा कमी पडते, मग धरण जरा डावीकडे सरकवलं जातं आणि पडद्यावर ते उडी मारतं. प्रेक्षकाचा डोळा नव्या वस्तूकडे जाण्याऐवजी हललेल्या वस्तूकडे जातो. तपासायला सोपं: बाणाची कळ भराभर दाबत सातही स्लाइड पुढेमागे करा. नव्या भागाशिवाय काहीही थरथरलं, तर कुठेतरी सरकलंय. बहुतेक वेळा दोषी असते अक्षरांची चौकट. मजकूर कमी झाला की ती आपोआप अक्षरं मोठी करते. ती सोय बंद ठेवावी, आणि स्लाइड बदलतानाचे पडदे-झोके सुद्धा.

नवा भाग गडद निळा, आधीचे करडे. पुसून टाकायचे नाहीत, कारण सहाव्या स्लाइडवर बाण कुठून आले हे दिसायलाच हवं. पण इतके फिकेही नकोत, की मागच्या रांगेतून नाहीसे होतील. उजेडाच्या सभागृहात प्रोजेक्टर करडा रंग गिळतो, तेव्हा आधी तिथे एकदा बघून यावं.

एकाच स्लाइडवर ॲनिमेशन का नको, असं मित्र विचारतात. चालेल, पण पीडीएफ केली की सारे टप्पे एकावर एक चढतात आणि उरते ती पुन्हा तीच गच्च आकृती. प्रतींचा तोटा दुसरा. आदल्या रात्री ‘कोळकेवाडी’ची वेलांटी चुकलेली दिसली, तर ती सहावी आणि सातवी अशा दोन ठिकाणी सुधारावी लागते. ‘शिवसागर’ चुकला असेल, तर सहा ठिकाणी.