वडिलांची घड्याळं आणि लिलावघराला पत्र

बाबा गेल्यावर त्यांची भिंतीवरची बावीस घड्याळं मागे राहिली. त्यांची किंमत काढून घ्यावी असं आईनेच सुचवलं. लिलावघराला पत्र लिहायला बसलो तेव्हा आधी एक गोष्ट ठरवावी लागली, ती म्हणजे किंमत कशासाठी हवी आहे. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसंच घड्याळ आज दुकानातून पुन्हा घ्यायचं तर किती पडेल तो आकडा, आणि तो चढा असतो. लिलावात काय येईल याचा अंदाज त्याहून कमी असतो. तो नेहमी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा दिला जातो, आणि हातोडा पडला त्या रकमेतून लिलावघराचं कमिशन वजा होऊनच पैसे हाती येतात. आम्हाला वाटणीही करायची होती आणि काही घड्याळं विकायचीही होती. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की विक्रीचा अंदाज हवा आहे, आणि आई, भाऊ व मी अशा तिन्ही वारसांची संमती आहे. मालकी स्पष्ट नसेल तर लिलावघर पुढे जात नाही.

मग एकेक घड्याळ उतरवायला घेतलं. पत्र वाचणारा तज्ज्ञ घड्याळ पाहत नसतो. फोटो आणि चार ओळी एवढंच त्याच्यापुढे असतं. तेवढ्यावरून त्याला कारखाना, काळ, मूळचे भाग आणि नंतर बदललेले भाग ओळखायचे असतात. यांपैकी बहुतेक खुणा तबकडीच्या मागे दडलेल्या असतात.

दिवाणखान्यातलं युंगहान्सचं उभं घड्याळ घेऊ. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबेर्ग गावातला हा कारखाना १८६१ साली सुरू झाला. आधी लंबक आकड्यावरून काढून ठेवला. मग यंत्राखालचे दोन स्क्रू सैल केले, तसं यंत्र तबकडीसकट पुढे सरकून हातात आलं. टोल्यांची तारेची गुंडाळी मात्र पेटीच्या पाठीलाच राहते. मागच्या पितळी पट्टीवर आठ टोकांची चांदणी होती, चांदणीत ‘जे’ हे अक्षर आणि बाजूला ‘बी १०’ असा ठसा. या कारखान्याच्या बऱ्याच यंत्रांवर असा ठसा सापडतो. ‘ए’ म्हणजे वर्षाची पहिली सहामाही आणि ‘बी’ म्हणजे दुसरी. म्हणजे हे यंत्र १९१० च्या उत्तरार्धातलं. तबकडीच्या पाठीवर कुणा घड्याळजीने सुईने कोरलेली तारीख दिसली, आणि तिच्याखाली वेगळ्या हाताची दुसरी. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर अशी खूण करून ठेवायची घड्याळजींची जुनी पद्धत आहे. या खुणांचा जवळून फोटो, खिडकीच्या उजेडात आणि फ्लॅश न वापरता काढलेला, समोरून काढलेल्या दहा फोटोंहून जास्त सांगतो.

दुसऱ्या एका जर्मन घड्याळाच्या पाठपट्टीवर एकमेकांना छेदणारे दोन बाण होते. ती हाम्बुर्ग-अमेरिकन कारखान्याची खूण. खाली ‘४२/१०५’ असे आकडे होते: लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि मिनिटाला पडणारे ठोके. सोबतचा लंबक मूळचा आहे का, हे यावरून तपासता येतं. मोजपट्टीने लांबी मोजायची, घड्याळ चालू करून मिनिटभर ठोके मोजायचे. ठोके फारच जास्त पडले आणि लंबकाखालची चाकी पूर्ण खाली फिरवूनही वेळ पुढेच पळत राहिली, तर लंबक बहुधा दुसऱ्याच घड्याळाचा. आमचा जुळला. पत्रात ‘लंबक मूळचा’ असं ठामपणे लिहिलं नाही; ‘लंबक ठशातल्या लांबीशी व ठोक्यांशी जुळतो’ एवढंच लिहिलं.

खरा घोटाळा कोरीव दरवाज्याच्या घड्याळात होता. पेटी शिलेशियातल्या गुस्ताव बेकर घड्याळांच्या घाटाची, देखणी. यंत्र काढल्यावर पाठीच्या लाकडात मेण भरून बुजवलेली चार जुनी भोकं दिसली. बाजूला गोल फिकट डाग होता, पूर्वी टोल्यांची गुंडाळी जिथे बसवलेली होती तिथला. आत्ताची गुंडाळी त्याच्यापासून दोन बोटं खाली होती. चावी बसते ते खुंटही तबकडीच्या छिद्रांशी नीट जुळत नव्हते; एका छिद्राची कड कानशीने घासून वाढवलेली होती. जपानच्या सेकोशा कारखान्याचं यंत्र या पेटीत कुणीतरी नंतर बसवलं होतं. अशा जोडलेल्या घड्याळाला संग्राहक पेटीचे आणि यंत्राचे सुटे पैसे देतात, एकत्र नगाचे नाहीत.

बाबांची वही तेव्हा उघडली. प्रत्येक घड्याळाची खरेदी त्यांनी तारखेसह लिहून ठेवली होती. काही मुंबईच्या चोर बाजारातली, काही पुण्याच्या जुन्या बाजारातली. या घड्याळापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘पेटीसाठी घेतलं. यंत्र वेगळं.’ त्यांनी हे पाहूनच घेतलं होतं, याचा मला फार आनंद झाला. या पानाचा फोटो मी पत्राला जोडला. वस्तू कुठून आली याचा कागद किंमत वाढवतो, आणि स्वतःच्या वस्तूतला दोषही लिहून ठेवणाऱ्याची वही तज्ज्ञ गांभीर्याने वाचतो.

प्रत्येक घड्याळाला मी एक छोटा मजकूर दिला. युंगहान्सचा असा होता:

‘क्र. ४. भिंतीवरचे घड्याळ, युंगहान्स. उंची ८६ से.मी. पाठपट्टीवर चांदणी व “बी १०” ठसा (फोटो ४-ग). चालते, अर्ध्या व पूर्ण तासाला टोले पडतात. काच मूळची वाटते. मिनिट काट्याचे टोक दुरुस्त केलेले. माथ्याची डावी लाकडी कळी नाही. वडिलांनी १९८१ मध्ये घेतले, वहीतील पान सोबत. साफसफाई केलेली नाही.’

हे घड्याळ न्यू जर्सीतल्या भावाला हवं होतं. तिथे कायदा आड आला. १९७२ च्या पुरावस्तू व कलामौल्यवान वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कला, हस्तकला किंवा विज्ञानाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायची मुभा केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेखेरीज कुणालाही नाही. वस्तू मुळात परदेशातून आलेली असली तरी सुटका नाही. जिथे शंका असते तिथे वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं. किमतीच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे, कारण अशा घड्याळाला परदेशी ग्राहक धरता येत नाही. म्हणून प्रत्येक मजकुरात वर्ष किंवा अंदाजे दशक आणि त्याचा आधार मी लिहिला. भावाने पुढच्या काळातलं एक घड्याळ निवडलं, प्रमाणपत्राची तयारी ठेवून.

लिलावघराचं उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे राखून लिहिलेलं. निवडक घड्याळांना स्वतंत्र अंदाज, बाकीच्यांचा एकत्र गट, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर आकडे बदलू शकतील अशी स्पष्ट ओळ. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली घड्याळ विकायचं नाही तो आकडा, सहसा अंदाजाच्या खालच्या टोकाच्या वर ठेवत नाहीत, हेही त्यांनी कळवलं. कोरीव पेटीचं घड्याळ त्यांनी गटात टाकलं. ते आम्ही विकायचं नाही असं ठरवलं.

तुमच्या घरी असा संग्रह असेल तर पत्र लिहिण्याआधी ब्रास पॉलिश, वॉर्निश आणि तेल लावू नका. घासलेल्या पितळेवरचा ठसा अस्पष्ट होतो, नव्या वॉर्निशखाली जुनी भोकं आणि डाग झाकले जातात, आणि मग तज्ज्ञाला विश्वास ठेवायला फार थोडं उरतं. आधी फोटो काढा, पत्र पाठवा. साफसफाई करायची की नाही हे त्यांनाच विचारा.