फोटोखालच्या दोन ओळी

आजीच्या पंचाहत्तरीच्या फोटोखाली हमखास ‘आजचा दिवस खास, आनंद झाला झकास’ असलं काही येतं. ‘झकास’ इथे यमकापुरता आलाय आणि आजी कुठेच नाही. आधी तिचीच अशी एखादी सवय शोधा. समजा, ती लाडवांचा डबा नातवंडांपासून लांब ठेवते, पण मागितलं की नाही म्हणत नाही. मग ओळीला आठ अक्षरं घ्या. जोडाक्षर एकच धरायचं.

डबा उंच फळीवर,
लाडू तरी पोटभर.

‘हसते-करते’ यांत फक्त प्रत्यय जुळतो, म्हणून ते यमक पोरकट वाटतं. ‘वर-भर’ तसं नाही. नाव घालू नका, फोटोत आजी दिसतेच आहे. मोठ्याने वाचा; एखादा शब्द ओढूनताणून आलेला वाटला, तर सरळ ओळच बदला.