मठाची वही आणि मठाची जमीन : नवव्या शतकातील सेंट गॉल व कान्हेरी

प्रस्तावना :
इ.स. ८४३ च्या सुमारास शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या कारकिर्दीत कान्हेरी येथील एका लेण्यात दानलेख कोरला गेला. भिक्षुसंघाला दिलेल्या या देणगीतील मोठा भाग बुद्धपूजेसाठी असून पुस्तकांसाठी एक द्रम्म स्वतंत्रपणे नमूद केला आहे. त्याच शतकात स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल मठासाठी चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून एक आराखडा तयार झाला होता. या दोन साधनांच्या आधारे मठजीवनातील ग्रंथलेखन, शेती व आश्रय यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ग्रंथलेखन :
मठाधिपती गोझबर्ट (इ.स. ८१६-८३७) यांना उद्देशून केलेल्या या आराखड्यात चर्चला लागून लेखनिकांची खोली व तिच्यावर ग्रंथालय दाखविले आहे. आराखडा जसाच्या तसा बांधला गेला नाही. तो टिकला याचे कारण मात्र लेखनव्यवहारातच आहे : बाराव्या शतकात त्याच्या कोऱ्या पाठीवर संत मार्टिन यांचे चरित्र उतरविण्यात आले. चर्मपत्र महाग असल्याने ते टाकून देण्याऐवजी पुन्हा वापरले जाई. कान्हेरीत लिहिलेले ग्रंथ मात्र कोकणच्या दमट हवेत उरले नाहीत. त्यांची साक्ष दगडावरील त्या एका द्रम्माच्या नोंदीतून मिळते.

जमीन :
बेनेडिक्टच्या नियमावलीत भिक्षूने ठराविक वेळ अंगमेहनत करावी असे म्हटले आहे. बौद्ध विनयात भिक्षूने जमीन खणणे हा दोष मानला जातो. त्यामुळे कान्हेरीच्या संघाला मिळालेली शेते इतर लोक कसत व उत्पन्न संघाकडे येई. शक ७७५ मधील लेखात गौड देशातून आलेल्या अविघ्नाकराने शंभर द्रम्म कायम ठेव म्हणून दिल्याचे नमूद आहे. मुद्दल तसेच राहावे व व्याजातून भिक्षूंचा खर्च भागावा, ही या 'अक्षयनीवी'ची रीत होती. अर्थात सेंट गॉलमध्येही प्रत्यक्ष नांगरणीचा मोठा भार मठाच्या कुळांवरच होता.

आश्रय :
सेंट गॉलच्या आराखड्यात प्रतिष्ठित पाहुण्यांचे घर एका बाजूला, यात्रेकरू व गरिबांचे दुसऱ्या बाजूला, तर रुग्णालय, वैद्याचे घर आणि औषधी वनस्पतींचा वाफा एकत्र आहेत. म्हणजे दार सर्वांना खुले असले तरी वागणूक दर्जानुसार वेगळी होती. कान्हेरीत याहून जुन्या काळी कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिली होती. पावसाळ्यानंतर डोंगरावर टिकणारे पाणी भिक्षू व येणारे-जाणारे दोघांच्याही उपयोगी पडे.

निष्कर्ष :
दोन्ही ठिकाणी पुस्तक व निवारा यांचा आधार जमिनीचे अथवा ठेवीचे उत्पन्न हाच होता. नियमातील फरकाने श्रम कोणी करायचे हे ठरले. कोणती साधने आज वाचता येतात हे मात्र चर्मपत्र व दगड यांनी ठरविले.